किमान, ठरावीक की पूर्ण? क्रेडिट कार्डाच्या ऑटोपेचा हिशेब

क्रेडिट कार्डाचे बिल दर महिन्याला आपोआप भरले जावे म्हणून बँकेच्या ॲपमध्ये ऑटोपेची सोय असते. ती सुरू करायला दोन-तीन मिनिटे पुरतात. खाते निवडायचे, ओटीपी टाकायचा आणि मध्येच एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे: दर महिन्याला किती रक्कम वळती करायची? स्क्रीनवर Total Amount Due आणि Minimum Amount Due असे दोन पर्याय येतात. काही ठिकाणी ठरावीक रकमेचा तिसरा पर्यायही मिळतो. बरेच ग्राहक इथे फार वेळ थांबत नाहीत. ‘किमान’ ठेवले म्हणजे बिल वेळेवर भरल्यासारखेच झाले आणि खात्यात पैसेही शिल्लक राहिले, अशी समजूत सर्रास आढळते. पुढची अनेक वर्षे त्या कार्डावर किती व्याज पडणार, हे मात्र याच एका खुणेवर ठरते.

तिन्ही पर्यायांतला फरक समजण्यासाठी आकड्यांचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापुरातल्या एका शिक्षिकेने २० जूनला क्रेडिट कार्डावर ₹४०,००० चा फ्रिज घेतला. तिचे स्टेटमेंट दर महिन्याच्या १२ तारखेला निघते आणि बिल भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १ असते. कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. आपल्याकडच्या अनेक कार्डांचे दर याच्या आसपास किंवा थोडे वरच असतात. व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागतो. १२ जुलैच्या स्टेटमेंटमध्ये एकूण देय ₹४०,००० आणि किमान देय ₹२,००० असे दोन आकडे आले. दरम्यान २० जुलैला तिने किराणा, पेट्रोल आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी त्याच कार्डावर आणखी ₹१०,००० खर्च केले.

ऑटोपे पूर्ण रकमेवर असेल, तर १ ऑगस्टला ₹४०,००० वळते होतात. फ्रिजचे पैसे तिने ४२ दिवस बिनव्याजी वापरले, विषय संपला. १२ ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये फक्त नवे ₹१०,००० येतात आणि व्याजाच्या रकान्यात शून्य असते.

किमान रक्कम भरल्यावर काय होते

आता हेच ऑटोपे किमान रकमेवर आहे असे धरू. १ ऑगस्टला खात्यातून ₹२,००० जातात. विलंब शुल्क लागत नाही, क्रेडिट अहवालात थकबाकीची नोंद होत नाही आणि ‘पेमेंट मिळाले’ असा संदेशही येतो. सगळे सुरळीत असल्यासारखे वाटते. पण मागच्या बिलातला काही भाग बाकी राहिला की बिनव्याजी मुदत रद्द होते, ही अट प्रत्येक कार्डाच्या नियमावलीत असते. बहुतेक बँका मग खरेदीच्या तारखेपासून, दिवसाच्या हिशेबाने व्याज लावतात.

तो हिशेब असा होतो. ₹४०,००० वर २० जून ते १ ऑगस्ट या ४२ दिवसांचे व्याज सुमारे ₹१,९३३. उरलेल्या ₹३८,००० वर १ ते १२ ऑगस्ट या ११ दिवसांचे सुमारे ₹४८१. बिनव्याजी मुदत गेल्यामुळे २० जुलैच्या नव्या ₹१०,००० वरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. त्या २३ दिवसांचे सुमारे ₹२६५ होतात. बेरीज ₹२,६७९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ₹४८२. म्हणजे १२ ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये व्याज आणि कराचेच ₹३,१६१ दिसतात आणि एकूण देय ₹५१,१६१ होते.

शिक्षिकेने ₹२,००० भरले आणि व्याज व कर मिळून ₹३,१६१ लागले. महिनाभर बिल भरूनही तिच्या नावावरची रक्कम वाढली. किराणा आणि पेट्रोलवर पडलेले व्याज सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो खर्च ‘या महिन्याचा’ असतो आणि थकलेले बिल ‘मागच्या महिन्याचे’ वाटते. कार्डाच्या हिशेबात दोन्ही एकाच खात्यावर आहेत.

पुढच्या महिन्यापासून मात्र किमान देय मोठे होते. थकबाकी सतत फुगत जाऊ नये, अशा रीतीने किमान रक्कम ठरवा, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत बँकांना बजावले आहे. त्यामुळे बऱ्याच बँका त्या चक्रातले व्याज आणि कर पूर्ण धरतात, त्यात मुद्दलाचे पाच टक्के मिळवतात आणि हा आकडा ‘किमान’ म्हणून छापतात. या शिक्षिकेच्या पुढच्या बिलात तो ₹५,५६१ च्या आसपास जाईल. ‘किमान म्हणजे नेहमी पाच टक्के’ असे गृहीत धरून खात्यात मोजकेच पैसे ठेवणाऱ्याची इथे पंचाईत होते.

हे वर्षभर चालले तर? हिशेब सोपा राहावा म्हणून नवी खरेदी पूर्ण थांबली आणि थकबाकी ₹४०,००० आहे असे धरू. दर महिन्याला व्याज, कर आणि मुद्दलाचे पाच टक्के भरत गेल्यास बारा महिन्यांत खात्यातून साधारण ₹३३,६०० जातात. त्यांतले सुमारे ₹१५,२०० व्याज आणि कराचे असतात. वर्ष संपताना ₹२१,६०० देणे तरीही उरलेले असते. पाच टक्के दर वेळी उरलेल्या मुद्दलावर काढले जातात, म्हणून हप्ता लहान होत जातो आणि कर्ज लांबत जाते. किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा स्टेटमेंटवर छापणे बँकांना बंधनकारक आहे ते याचसाठी.

आणि हा व्याजदर कुणी वरून रोखलेला नाही. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे अनुचित ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. कार्डाचा दर किती, हे ग्राहकाने स्वतःच्या स्टेटमेंटवर पाहायचे आणि त्यानुसार ठरवायचे, अशी आजची स्थिती आहे.

मग किमानचा पर्याय असतो कशासाठी?

काही जणांसाठी तो खरोखर उपयोगी आहे. ज्यांचे उत्पन्न ठरलेल्या तारखेला येत नाही त्यांचा विचार करावा: आंबा किंवा द्राक्षांचे पैसे हंगामात एकदम मिळणारा बागायतदार, ग्राहकांकडून बिले वसूल होण्याची वाट पाहणारा छायाचित्रकार, कमिशनवर काम करणारा विमा प्रतिनिधी. १ तारखेला खात्यात ₹४०,००० असतील की ₹६,०००, हे त्यांना आधी सांगता येत नाही. अशा खात्यावर पूर्ण रकमेचे ऑटोपे लावले आणि पैसे कमी पडले, तर सहसा काहीच वळते होत नाही. नाच पद्धतीत अर्धवट रक्कम घेतली जात नाही. विनंती पूर्ण मंजूर होते किंवा पूर्ण परत जाते.

ती परत गेली की खर्च तीन बाजूंनी येतो. बचत खात्याची बँक मँडेट परत गेल्याचा दंड लावते. कार्ड देणारी बँक ‘पेमेंट परत’ शुल्क घेते. अनेक कार्डांवर ते रकमेच्या दोन टक्के आणि किमान साडेचारशे-पाचशे रुपये असते, म्हणजे ₹४०,००० वर ₹८००. शिवाय विलंब शुल्काची टांगती तलवार असतेच. या सगळ्यावर जीएसटी आणि बिल भरलेच नसल्याने व्याजही चालू.

उत्पन्न अनियमित असेल, तर किमान रकमेचे ऑटोपे केवळ विसरण्यापासूनचे संरक्षण म्हणून ठेवता येते. पूर्ण रक्कम दर महिन्याला स्वतः भरायची आणि एखाद्या महिन्यात प्रवास, आजारपण किंवा घाईगर्दीत राहून गेलीच, तर निदान विलंब शुल्क लागत नाही आणि क्रेडिट अहवाल खराब होत नाही. यासाठी स्टेटमेंट आल्याच्या दिवशीची आणि शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधीची, अशा दोन आठवणी फोनमध्ये लावाव्या लागतात. त्या आठवणींशिवाय ही व्यवस्था हळूहळू ‘दर महिन्याला फक्त किमान’ अशी होऊन बसते.

पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा होणाऱ्याला पूर्ण रकमेचे ऑटोपेच योग्य. कार्डावरचा खर्च पगारात बसत नसेल, तर ते पहिल्याच महिन्यात कळते. किमानच्या आडोशाला तेच कळायला वर्ष जाते.

ठरावीक रक्कम: दोन्हींच्या मधली वाट

अमेरिकेतल्या कार्डांच्या संकेतस्थळांवर किमान रक्कम, स्टेटमेंटची पूर्ण शिल्लक आणि ठरावीक रक्कम हे तिन्ही पर्याय साधारणपणे शेजारी-शेजारी दिसतात. काही ठिकाणी ‘आजची एकूण शिल्लक’ असा चौथाही असतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात नव्याने गेलेल्या मराठी तरुणांचा गोंधळ बहुधा इथे होतो. व्याज टाळण्यासाठी स्टेटमेंटची शिल्लक भरली की पुरते. स्टेटमेंटनंतरची ताजी खरेदी पुढच्या बिलात येणार असते, तिच्यासाठी आजची एकूण शिल्लक आत्ताच रिकामी करण्याची गरज नसते.

भारतात बऱ्याच बँकांच्या ऑटोपे अर्जात ठरावीक रकमेचा चौकोनच नसतो. तिथे ग्राहक नेट बँकिंगमधून दर महिन्याच्या एका तारखेला कार्डाकडे ठरलेली रक्कम पाठवण्याची सूचना लावतात. थकबाकी झाली आहे आणि ती ठरवून संपवायची आहे, अशा वेळी किमानपेक्षा हा मार्ग बराच चांगला. ₹४०,००० च्या त्याच थकबाकीवर दर महिन्याला ₹१०,००० भरले आणि कार्डावर नवी खरेदी पूर्ण थांबवली, तर पाचव्या महिन्यात ₹४,६६७ चा शेवटचा हप्ता भरून देणे संपते. व्याज आणि कर मिळून सुमारे ₹४,६६७ च लागतात. किमान भरणाऱ्याला पहिल्याच वर्षात याच्या तिपटीहून जास्त व्याज पडले आणि तरी निम्म्याहून अधिक कर्ज उरले, हे वर पाहिलेच.

या पर्यायात एक खड्डा आहे. ठरवलेली रक्कम त्या महिन्याच्या किमान देयापेक्षा कमी पडली, तर बिल भरले असे धरले जात नाही. ₹४०,००० च्या थकबाकीवर किमान देय ₹३,६५० च्या आसपास येते. कुणी ‘दर महिन्याला तीन हजार’ अशी सूचना लावून निश्चिंत झाला, तर दर महिन्याला पैसे भरूनही विलंब शुल्क लागेल आणि क्रेडिट अहवालात थकबाकी दिसेल. कार्डावर एखादा ईएमआय चालू असेल, तर तो हप्ता पूर्णच्या पूर्ण किमान रकमेत मिळवला जातो आणि आकडा एकदम वर जातो. ठरावीक रक्कम निवडताना मागच्या सहा महिन्यांतले सर्वांत मोठे किमान देय पाहावे आणि त्याहून बरीच वरची रक्कम घ्यावी.

मोठ्या खरेदीसाठी आपल्याकडे आणखी एक सोय आहे. त्या एकाच व्यवहाराचे शेवटच्या तारखेपूर्वी ईएमआयमध्ये रूपांतर करता येते. वर्षाला १६ टक्के दर धरला, तर ₹४०,००० चे सहा हप्ते दरमहा सुमारे ₹६,९८१ चे होतात. सहा महिन्यांचे व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून सुमारे ₹२,२३० लागतात. प्रक्रिया शुल्क वेगळे असते, ते आधी विचारून घ्यावे. पुढच्या प्रत्येक बिलात फ्रिजचा फक्त हप्ता येतो. बिल पूर्ण भरत राहिल्यास बहुतेक कार्डांवर किराणा-पेट्रोलची बिनव्याजी मुदतही टिकते. म्हणजे ऑटोपे पूर्ण रकमेवरच ठेवता येते आणि तरीही महिन्याचा भार ठरावीक राहतो. पगारदार माणसाला एखाद्या महिन्यात मोठा खर्च झेपत नसेल, तेव्हा ऑटोपे किमानवर आणण्याआधी हा मार्ग तपासावा.

मात्र रूपांतर स्टेटमेंट आल्यावर एक-दोन दिवसांतच करावे. ऑटोपेची विनंती बँकेकडे आधीच गेली असेल, तर ईएमआय मंजूर होऊनही मूळची पूर्ण रक्कम खात्यातून निघू शकते. रूपांतरानंतर ॲपमध्ये देय रक्कम खाली आली का, हे बघून घेतलेले बरे.

सूचना लावताना

कार्ड आणि बचत खाते एकाच बँकेत असेल, तर ऑटोपे ही त्या बँकेची आतली स्थायी सूचना असते. ती सर्वांत सोपी. खाते दुसऱ्या बँकेत असेल, तर नाच मँडेट करावे लागते. ही यंत्रणा भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय चालवते. ऑगस्ट २०२१ पासून ती रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे ‘रविवार आहे, सोमवारी कापतील’ हा जुना हिशेब आता धरू नये. तिसरा मार्ग यूपीआय ऑटोपेचा. क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी पिन न विचारता वळती होणाऱ्या रकमेची मर्यादा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये ₹१५,००० वरून ₹१ लाख केली. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी त्यात सूचना यावी लागते.

मँडेट करताना सर्वांत जास्त चुका रकमेच्या रकान्यात होतात. नाचच्या अर्जात ‘ठरावीक रक्कम’ आणि ‘कमाल रक्कम’ असे दोन प्रकार असतात. पूर्ण बिलाचे ऑटोपे हवे असेल, तर कमाल हा प्रकार लागतो, कारण बिल दर महिन्याला बदलते. कमाल म्हणून लिहिलेला आकडा दर महिन्याला कापला जात नाही. त्याच्या वर रक्कम घेता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही जण धास्तीने तो फार कमी लिहितात. नेहमीचे बिल ₹२०,००० असते म्हणून ₹२५,००० ची मर्यादा घातली आणि लग्नसराईत बिल ₹७२,००० झाले, तर त्या महिन्यात ऑटोपे काम करत नाही. ग्राहक मात्र ते चालूच आहे अशा भरवशावर राहतो. मर्यादा कार्डाच्या क्रेडिट लिमिटच्या जवळ ठेवली, तर ही अडचण येत नाही. एवढी रक्कम वळती होऊ शकते याची धास्ती वाटत असेल, तर बँकेला सांगून कार्डाचे लिमिटच कमी करून घेता येते.

दुसरा प्रश्न तारखेचा. ऑटोपेची वजावट अनेकदा शेवटच्या तारखेला सकाळी लवकर होते. पगार त्याच दिवशी दुपारी जमा होत असेल, तर तो उशिराचा ठरतो. पैसे आदल्या रात्रीच खात्यात असायला हवेत. म्हणून शेवटची तारीख पगारानंतर पाच-सात दिवसांनी येईल अशी करून घ्यावी. बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिला आहे आणि ॲपमधून किंवा ग्राहक सेवेला फोन करून तशी मागणी करता येते. वरच्या उदाहरणातल्या शिक्षिकेचा पगार ५ तारखेला होत असेल, तर १ तारखेची शेवटची मुदत तिच्यासाठी गैरसोयीची आहे. ती १० च्या आसपास आली, तर पूर्ण रकमेचे ऑटोपे निर्धास्तपणे चालेल. घरभाडे, कर्जाचे हप्ते आणि एसआयपी त्याच खात्यातून जात असतील, तर त्या सगळ्यांच्या तारखा एकदा कागदावर मांडून बघाव्यात.

तिसरी गोष्ट पहिल्या बिलाची. आज ऑटोपे लावले म्हणजे हातातले बिल त्यातून जाईल असे नाही. बहुतेक ठिकाणी ते पुढच्या स्टेटमेंटपासून लागू होते. पहिले बिल स्वतः भरावे. पुढचे स्टेटमेंट आले की त्यावर ऑटोपे नोंदवल्याचा उल्लेख आहे का ते बघावे. नाच असेल, तर बचत खात्याच्या नेट बँकिंगमध्ये मँडेटची यादी असते. तिथे यूएमआरएन हा क्रमांक, कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव, कमाल रक्कम आणि मुदत दिसते. मँडेट मंजूर झाले असेल, तरच ते त्या यादीत चालू दिसते. पहिली वजावट झाल्यावर बचत खाते आणि कार्ड या दोन्ही बाजूंना तीच रक्कम आली का, हेही पडताळावे.

मँडेट करायला कुणाच्या लिंकची गरज नसते. ‘तुमचे ऑटोपे बंद पडले आहे, इथे दाबा’ अशा संदेशामागे फसवणूक असू शकते. स्वतःहून बँकेचे ॲप उघडून तिथेच स्थिती पाहावी. यूपीआयवर मंजुरीची विनंती आली, तर रक्कम आणि मुदतीआधी ती कुणाच्या नावाने आली आहे ते वाचावे. नाव ओळखीचे नसेल, तर पिन टाकू नये.

लावून दिल्यानंतर

ऑटोपे असलेल्या माणसाला स्टेटमेंट उघडण्याचा कंटाळा येतो आणि खरा धोका तिथे आहे. पूर्ण रकमेचे ऑटोपे बिलात जे काही आहे ते सगळे भरते. त्यात न केलेली खरेदी, दोनदा लागलेली रक्कम किंवा चाचणीसाठी घेतलेल्या ॲपचे वार्षिक शुल्कही येते. स्टेटमेंट आणि शेवटची तारीख यांच्यात निदान पंधरवडा असावा असा नियम आहे. तो वेळ यासाठीच वापरायचा. अनोळखी व्यवहार दिसताच त्याच दिवशी बँकेला कळवावे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी केलेला गैरव्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर भार येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक सांगते. चार ते सात दिवसांत कळवल्यास त्याची जबाबदारी मर्यादित राहते.

मधल्या काळात काही रक्कम स्वतः भरली असेल, तरी ऑटोपे कधी कधी पूर्ण बिल पुन्हा घेते. काही बँका भरलेली रक्कम वजा करून उरलेलीच घेतात, काही ठिकाणी विनंती आधीच गेलेली असते. जास्त गेलेले पैसे बुडत नाहीत. ते कार्डावर जमा राहतात आणि मागितल्यास परत मिळतात. पण त्या दिवसांत खाते रिकामे होऊन दुसराच एखादा हप्ता परत जाऊ नये, म्हणून आपली बँक काय करते ते एकदा विचारून ठेवावे.

कार्ड हरवून नवा क्रमांक आला, कार्डाचा प्रकार बदलला किंवा बँकांच्या विलीनीकरणात खात्याचा तपशील बदलला, की ऑटोपे चालू आहे का हे पुन्हा तपासावे. जुन्या क्रमांकावरची सूचना नव्या कार्डावर आपोआप येईलच असे नाही. कार्ड बंद करताना उलटे करावे लागते. मँडेट दोन्हीकडून रद्द झाले का, हे पाहावे.

एवढे करूनही एखादी वजावट परत गेलीच, तर तीन दिवस हाताशी असतात. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकबाकी राहिली, तरच बँकेला विलंब शुल्क लावता येते आणि क्रेडिट माहिती कंपन्यांना थकबाकी कळवता येते. तीन दिवस उलटले, की दिवसांची मोजणी मूळ तारखेपासूनच होते. शिवाय विलंब शुल्क शेवटच्या तारखेनंतर बाकी राहिलेल्या रकमेवरच लागते, संपूर्ण बिलावर नाही. ही सवलत शुल्क आणि नोंदीपुरती आहे, व्याज माफ होईल असे धरू नये. त्यामुळे शेवटच्या तारखेला दुपारी एकदा बचत खाते पाहण्याची सवय उपयोगी पडते. रक्कम गेली नसेल, तर त्याच दिवशी ॲपमधून बिल स्वतः भरावे, मग वजावट का परत गेली याचा शोध घ्यावा.

खात्यात पैसे असूनही बँकेने वजावट केली नाही आणि दंड मात्र लावला, तर त्या दिवसाचा खातेउतारा, मँडेटचा यूएमआरएन आणि स्टेटमेंट जोडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या पोर्टलवर विनाशुल्क दाद मागता येते.